ठिपके मोजू नका, पाठीची चमक बघा! ढालकिडा आणि वांग्यावरचा भुंगेरा फोटोत ओळखायचा कसा

पाऊस उघडला की कृष्णाकाठच्या वांग्याच्या प्लॉटमधून एकाच तऱ्हेचे फोटो फिरायला लागतात. पानावर बसलेला, वाटाण्याच्या अर्ध्या फाकेसारखा फुगीर, नारिंगी रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा किडा. खाली प्रश्न ठरलेला, "हा मित्र की शत्रू?" उत्तरंही दोन्ही बाजूंनी येतात. एकजण लिहितो, "ढालकिडा आहे, मारू नका, मावा खातो." दुसरा लिहितो, "पानांची चाळण करतोय, आजच फवारा घ्या." फोटो एकच आणि दोघंही ठामपणे बोलत असतात. शेतकऱ्यानं ऐकायचं कुणाचं?

गेल्या भाद्रपदात मिरज तालुक्यातल्या माझ्या मामेभावानं मला असाच फोटो पाठवला. त्या एका फोटोपासून सुरुवात करून शेवटी तो किडा नक्की कोण ते कसं ठरलं, ते सगळं इथं सांगतो.

## दोघं एकाच घरचे

आधी गोंधळाचं मूळ समजून घेऊ. ज्याला आपण ढालकिडा किंवा लेडीबर्ड म्हणतो, तो काही एकटा किडा नाही, ते मोठं कुळ आहे. जगभरात त्याच्या जवळपास सहा हजार जाती नोंदवलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेक मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड असल्या रस शोषणाऱ्या किडींवर जगतात. पण याच कुळातली एक शाखा पानं खाते. वांगी, बटाटा, टोमॅटो, कारली यांवर येणारा ठिपक्यांचा भुंगेरा त्या शाखेतला. औषधाच्या डब्यावर आणि कृषी खात्याच्या पत्रकांत त्याचं नाव एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा असं छापलेलं असतं. मी त्याला हड्डाच म्हणणार आहे.

म्हणजे हड्डा हा ढालकिड्याची नक्कल करणारा परका किडा नाही. तो भाऊबंदच आहे. ढब तीच, चाल तीच, अंडी पिवळी आणि उभी, हात लावला की पाय पोटाशी घेऊन खाली पडायची सवयही तीच. पकडल्यावर सांध्यातून पिवळा, वासाचा द्रव सोडतात तेही दोघं. "पिवळं पाणी सोडतोय म्हणजे मित्र" असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलेलं असतं. ती खूण इथं कामाची नाही.

## मग ठिपके मोजले तर?

सगळ्यांचा पहिला प्रयत्न हाच असतो आणि फसवतोही हाच. "सात ठिपके मित्र, अठ्ठावीस ठिपके शत्रू" हे वाक्य खोटं नाही. सात ठिपक्यांचा ढालकिडा खरोखर आपल्याकडे आहे, करडईवर आणि गव्हावर मावा पडला की दिसतो. हड्ड्याची जी जात वांग्यावर नेहमी सापडते तिच्याही नावात अठ्ठावीस आहेतच.

अडचण अशी की हड्ड्याच्या प्रत्येक पंखकवचावर सहा ठिपके पक्के असतात, बाकीचे आठ लहान आणि बेभरवशाचे. कुणावर ते सगळे उमटलेले असतात, कुणावर दोनतीनच, कुणावर एकही नाही. त्यामुळं एकाच झाडावरच्या एकाच जातीच्या भुंगेऱ्यांवर कुठं बारा, कुठं अठरा, कुठं अठ्ठावीस ठिपके मोजता येतात. उलट बाजूला, मित्रांपैकी आपल्या ज्वारीत आणि उसात नेहमी दिसणाऱ्या दोन जातींवर धड ठिपकेच नसतात. एकीच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात, दुसरीच्या पाठीवर आडवे काळे पट्टे आणि मधोमध एक काळी रेघ. मोजणार काय?

आणखी एक. कोषातून नुकताच बाहेर आलेला सात ठिपक्यांचा ढालकिडा फिकट पिवळा आणि मऊ असतो, त्याच्यावर ठिपकाच नसतो. काही तासांत ठिपके उमटतात, लाल रंग चढायला मात्र पुढं बरेच दिवस जातात. त्या मधल्या वेळेत कुणी फोटो काढला तर मोजणाऱ्याचा हिशेब साफ चुकतो. म्हणून ठिपके बघायचे ते सगळ्यात शेवटी.

## पहिली खूण पाठीवरचा उजेड

भावाच्या पहिल्या फोटोत मला काहीच ठरवता आलं नाही. भरदुपारी, उभ्यानं, हात लांब करून काढलेला. किडा म्हणजे एक नारिंगी डाग. मी त्याला म्हणालो, "अरे, ह्यावरून कुणीच सांगू शकणार नाही. सकाळी ऊन चढायच्या आत परत काढ." तो म्हणाला, "दादा, तोवर पान खाऊन मोकळा होईल की." एका रात्रीत पीक जात नाही हे त्याला पटवायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या फोटोत गोष्ट उघड होती. त्या किड्याच्या पाठीवर चमक नव्हती. उजेड पडला होता, पण पसरल्यासारखा, मखमलीवर पडतो तसा. फोटो मोठा करून बघितला तर कडेनं पांढरट, अगदी आखूड लव दिसत होती.

इथंच सगळ्यात उपयोगी फरक आहे. हड्ड्याच्या पाठीवर बारीक केसांची दाट लव असते, म्हणून ती मंद दिसते. मावा खाणाऱ्या मोठ्या ढालकिड्यांची पाठ गुळगुळीत, नुकतं पॉलिश मारलेल्या स्टीलच्या वाटीसारखी. अशा पाठीवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि फोटोत ते एक लख्ख पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग म्हणून उमटतं. लव असलेल्या पाठीवर हा डाग तयार होत नाही, कारण प्रत्येक केस उजेड वेगळ्या दिशेला फेकतो. नवी साटीन आणि जुनी घोंगडी उन्हात शेजारी ठेवून बघा, तोच फरक.

पण या खुणेला तीन ठिकाणी धोका आहे. फोटो हललेला असेल तर प्रत्येक पाठ मंद दिसते. पहाटेचं दव लवेवर बसलं असेल तर हड्डाही चकाकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, त्यात आधी हे केसच पुसले जातात. म्हणून मी भावाला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला होता. पहिल्या दिवशीचा फोटो आणि दुसऱ्या दिवशीचा यांत निम्मा फरक त्यानंच पडला.

## दुसरी खूण मानपट्टी

किड्याचं डोकं आणि पंखांची कवचं यांच्या मधे एक आडवी पट्टी असते. तिला आपण मानपट्टी म्हणू. वरून बघताना बरेच लोक यालाच डोकं समजतात. खरं डोकं तिच्यापुढं, लहान आणि जरा खाली दबलेलं असतं.

सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची मानपट्टी काळी असते आणि तिच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरट ठिगळं असतात. लांबून ते डोळेच वाटतात. नागमोडी रेघांच्या जातीत मानपट्टीवर पिवळट पांढऱ्यावर काळी नक्षी असते. म्हणजे मान आणि पाठ यांचा रंग वेगवेगळा, जसं एका रंगाच्या झग्याला दुसऱ्या रंगाची कॉलर.

हड्ड्याला ही वेगळी कॉलर नसते. मान, डोकं, पाठ सगळं एकाच विटकरी नारिंगी कापडातून बेतलेलं. मानपट्टीवर काळे ठिपके असू शकतात, कधी ते एकमेकांत मिसळून मोठा काळा डागही होतो, पण कोपऱ्यांतली ती पांढरी ठिगळं नसतात.

भावाच्या दुसऱ्या फोटोत मान नीट दिसत नव्हती, कारण तो अगदी वरून घेतलेला. मी त्याला समोरून, थोडं तिरकं धरून एक काढायला सांगितलं. त्यात डोकं विटकरी, मानपट्टी विटकरी, मधे काळे ठिपके. दोन खुणा जुळल्या.

## तिसरी खूण किड्याखालचं पान

किडा जितका महत्त्वाचा तितकंच त्याखालचं पान, आणि फोटोत लोक नेमकं तेच कापून टाकतात.

हड्डा पान कुरतडून भोकं पाडत नाही. त्याच्या जबड्याला अनेक दात असतात आणि तो त्यांनी पानाचा हिरवा थर खरवडतो, रस घेतो आणि वरची पातळ कातडी तशीच सोडतो. त्यामुळं पानावर एकमेकींच्या शेजारी बारीक समांतर रेघा उठतात, मऊ मातीतून कंगवा ओढल्यासारख्या. सुरुवातीला त्या जागेतून उजेड आरपार दिसतो, दोनतीन दिवसांत ती वाळून तपकिरी, कागदासारखी होते आणि शेवटी शिरांची जाळी उरते. अळ्या बहुतेक खालच्या बाजूनं खरवडतात, म्हणून पान उलटून फोटो काढायचा.

पानाच्या कडेपासून अर्धगोल कापलेलं असेल किंवा मधे गोल आरपार भोक असेल, तर ते काम बहुधा दुसऱ्या कुणाचं. आणि पानावर मावा असेल, पान चिकट झालं असेल, मुंग्या फिरत असतील, तर ढालकिडा तिथं का आलाय हे वेगळं सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र ठेवा. खाल्लेल्या पानावर बसलाय म्हणून तोच खाणारा असं होत नाही. वांग्यावर हड्डा आणि मावा एकाच वेळी असू शकतात आणि मित्र ढालकिडा हड्ड्यानं खरवडलेल्या पानावर येऊन बसू शकतो. पान हा साक्षीदार आहे, पण त्याची साक्ष पाठ आणि मान बघितल्यावर घ्यायची.

भावाच्या प्लॉटमधल्या पानावर रेघा ताज्या होत्या आणि मावा नव्हता. तिन्ही खुणा एका बाजूला पडल्या. हड्डाच तो.

## लव म्हणजे शत्रूच का?

नाही, आणि द्राक्षवाल्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. मित्र ढालकिड्यांतल्या काही लहान जातींवरही लव असते. तासगावकडं द्राक्षबागेत पिठ्या ढेकणासाठी जो क्रिप्टोलीमस सोडतात, तो त्यातलाच. ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा 1898 साली भारतात आणला गेला. तो जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, त्याचं डोकं, मान आणि शेपटीकडचं टोक नारिंगी. पाठीवर एकही ठिपका नाही. हड्डा सहा ते आठ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. तेव्हा लव, ठिपके आणि तुरीएवढा आकार अशी तिन्ही एकत्र आली तरच हड्ड्याचा संशय घ्यायचा. लव आहे पण किडा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान आहे, तर त्याला हात लावू नका. आकार कळण्यासाठी फोटोत शेजारी काडेपेटीतल्या काडीचं टोक किंवा स्वतःचं नख धरा.

क्रिप्टोलीमसच्या अळीचा घोटाळा तर याहून मोठा. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे मोजून सोडलेल्या किड्याची पिल्लं पिठ्या ढेकूण वाढला असं समजून फवारली जातात, हे मी स्वतः बघितलं आहे आणि मनापासून वाईट वाटलं आहे. फोटोत बघायचं ते असं. अळी पिठ्या ढेकणापेक्षा मोठी होते, तिचे मेणाचे झुपके लांब आणि वेडेवाकडे असतात, आणि डिवचली की ती झपझप चालते. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. त्यामुळं इथं फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त बोलतो.

## चकाकतो म्हणजे मित्रच का?

तेही नाही. दोडका, काकडी, भोपळा यांच्या कोवळ्या वेलावर येणारे तांबडे भुंगेरे चांगले चकाकतात आणि पानं खातात. ते ढालकिड्याच्या कुळातले नाहीतच. त्यांचं अंग लांबट असतं, पाठीवर ठिपके नसतात, आणि मुख्य म्हणजे मिशा लांब असतात. ढालकिड्याच्या कुळात, मित्र असो की हड्डा, मिशा आखूड आणि टोकाला जाडसर, डोक्याच्या पुढं जेमतेम दिसतील एवढ्या. फोटोत अंगाच्या निम्म्याइतक्या लांब, दोऱ्यासारख्या मिशा दिसल्या की तो या कुळाबाहेरचा.

रताळ्याच्या आणि बेशरमीच्या पानांवर ठिपक्यांचा एक कासवासारखा भुंगेरा येतो, त्याच्या कवचाची कड काचेसारखी पारदर्शक असते आणि डोकं पूर्ण झाकलेलं असतं. एकदा बघितला की पुन्हा गोंधळ होत नाही.

## अळ्या ओळखणं सोपं, पण तिथंच जास्त चूक होते

मोठ्या किड्याबद्दल निदान लोक विचारतात तरी. अळी दिसली की सरळ पंप उचलला जातो. खरं तर अळ्यांमधला फरक लांबूनही कळतो.

हड्ड्याची अळी पिवळट, जाडसर आणि मंद असते, तिच्या अंगभर फांद्या फुटलेले काटे असतात. बाभळीच्या डहाळ्या रोवल्यासारखी दिसते. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी राखाडी काळी, लांबट, शेपटीकडं निमुळती, अंगावर नारिंगी किंवा पिवळे ठिगळ, पाय लांब, आणि सतत कुठंतरी निघालेली. लहानशी मगरच. जतच्या बाजूला करडईवर मावा पडतो तेव्हा अशा काळ्या अळ्या भरपूर असतात आणि भुंगेऱ्यांच्या जोडीनं त्याही मावा खात असतात. त्यांना "काळी अळी पडली" म्हणून मारलं तर पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट दिसतो, कारण त्याला खाणारंच कुणी उरत नाही.

अंड्यांच्या बाबतीत मात्र मी फोटोवरून निकाल देत नाही. दोघांचीही पिवळी, उभी, पानाखाली पुंजक्यानं. शेजारी मावा आहे की खरवडलेलं पान, एवढाच आधार, आणि तो कच्चा. फोडण्याआधी चारपाच दिवस थांबा, अळी बाहेर आली की प्रश्नच मिटतो.

## फोटो काढायचा कसा

फोन किड्याच्या अगदी नाकाशी नेऊ नका. बहुतेक फोनना आठदहा सेंटिमीटरच्या आत नजर बसवता येत नाही. वीतभर लांबून दुप्पट झूम करा आणि पडद्यावर किड्याच्या पाठीवर बोट टेकवा. दव सुकल्यावर आणि ऊन तापण्याआधी काढा. त्या वेळी किडे सुस्त असतात आणि उजेडही मऊ असतो. फ्लॅश बंद. स्वतःची सावली पाडायची असेल तर पूर्ण पाडा, अर्धी सावली अर्धं ऊन सगळ्यात वाईट.

तीन फोटो पुरतात. एक बरोबर वरून, एक समोरून तिरका म्हणजे मान आणि मिशा दिसतील असा, आणि एक पान उलटून, आसपासच्या दोनतीन पानांसह. सोबत पीक कोणतं ते लिहा. तेवढ्यानं निम्मं काम होतं.

## एवढं कशाला, फवारलं तर दोन्ही मरतील ना?

भावाचंही पहिलं म्हणणं हेच होतं. दोन्ही मरतात, खरं आहे. पण परत येताना दोन्ही बरोबर येत नाहीत. मावा पंखावरून येतो, पिल्लं थेट घालतो आणि आठवड्याभरात पानाखाली वसाहत उभी करतो. ढालकिडा नंतर येतो, अंडी घालतो, अळी होते, मग खायला सुरुवात. मधल्या दिवसांत मावा मोकळा सुटतो. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला तेव्हा शेवटी त्याला आवर घालण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा वाटा मोठा होता, हे या भागातल्या जुन्या ऊसवाल्यांना आठवत असेल.

शिवाय हड्ड्याचा बंदोबस्त लहान प्लॉटमध्ये हातानं होतो. भावानं सकाळी झाडाखाली साबणाच्या पाण्याची पाटी धरून फांद्या झटकल्या. भुंगेरे आपणहून पडतात, ती त्यांची सवयच आहे. झटकण्याआधी त्यानं प्रत्येक फांदी वरून बघून घेतली, चकाकणारा दिसला तर सोडून दिला. जाळी झालेली, खाली काटेरी पिवळ्या अळ्या असलेली पानं खुडली. बांधावरची कामोणी उपटली, कारण ती वांग्याच्याच घराण्यातली आहे आणि हड्डा तिच्यावरही जगतो. मग पाच टक्के निंबोळी अर्क, पानाच्या खालून. अंडी ते भुंगेरा हा प्रवास हवामानाप्रमाणं साधारण महिन्याभराचा असल्यामुळं हे एकदा करून भागत नाही, चारपाच दिवसांनी परत फेरी मारावी लागते. प्लॉट मोठा असेल आणि निम्मी पानं गेली असतील तर फवारा घ्यावा लागेल, पण तो कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून, त्या पिकासाठी शिफारस असलेलाच.

तिसऱ्या फेरीला त्यानं आणखी एक फोटो पाठवला. "दादा, ह्या अळ्या करपल्यासारख्या झाल्यात. औषध तर मारलं नाही." पानाला चिकटलेल्या, फुगून तपकिरी आणि टणक झालेल्या पाचसहा काटेरी अळ्या. त्यांच्या पोटात एका बारीक गांधीलमाशीची पिल्लं वाढत होती. पेडिओबियस तिचं नाव. मुंगीहून लहान, हड्ड्याच्या अळीत अंडी घालते. अमेरिकेत घेवड्यावरच्या हड्ड्याच्या भाईबंदांना आवरायला हीच जात 1966 मध्ये भारतातून नेली होती. मी त्याला म्हणालो, "पिवळ्या, हलणाऱ्या तेवढ्या खुड. तपकिरी झालेल्या राहू दे."

आठवड्यानं त्यानं त्याच पानाचा फोटो पाठवला, या वेळी न सांगता जवळून, समोरून, सकाळच्या उजेडात. प्रत्येक वाळक्या अळीच्या अंगावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती. माश्या बाहेर पडून गेल्या होत्या.